आजोबांचा घास आणि परदेशचा अर्ज

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटने अर्जासाठी दिलेल्या तयार पत्रात ‘मी अत्यंत संयमी आहे’ असं छापलेलं पाहून वृद्धाश्रमात सेविका असलेल्या ताईंचं डोकंच फिरलं. असं तर कुणीही लिहील! त्यांनी ते बाजूला सारलं आणि शिकलेल्या परदेशी भाषेत स्वतःच लिहायला घेतलं: ‘आमचे एक आजोबा घास तोंडात धरून बसतात. त्यांनी गिळल्याशिवाय मी पुढचा चमचा उचलत नाही.’ सोबत वृद्धसेवेचं, प्रथमोपचाराचं आणि भाषा परीक्षेचं प्रमाणपत्र जोडलं.

एजंटने वाचून नाक मुरडलं. “ताई, भाषा फारच साधी आहे हो. मी झकास करून देतो.”

“हात लावायचा नाही,” ताई म्हणाल्या. “मुलाखतीत मलाच बोलायचंय. आणि तिथल्या आजोबांना भरवताना तुम्ही येणार का माझ्याऐवजी बोलायला?”