रिकामी यादी

मलकापूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मोताळ्याच्या एक बाई वारलेल्या नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या. विंडोज सुरू होत नव्हतं. मी पेनड्राइव्हवरून विंडोजचा इन्स्टॉलर चालवला, तर डिस्कची यादी रिकामी.

"डिस्क गेली, ताई," मी सांगून टाकलं.

"अन् त्याइचे फोटो?"

"तेही गेले."

त्यांनी लॅपटॉप शेजारच्या भंगारवाल्याला देऊन टाकला.

दोन महिन्यांनी तसाच लॅपटॉप आला, यादीही तशीच रिकामी. पण हा आठवड्यापूर्वीच घेतलेला होता, म्हणून मला शंका आली. शोधल्यावर कळलं, की त्या इन्स्टॉलरमध्ये स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हरच, म्हणजे डिस्क ओळखणारा छोटा प्रोग्रामच, नव्हता. कंपनीच्या साइटवरून तो उतरवून पेनड्राइव्हवर टाकला, 'लोड ड्रायव्हर' दाबून फोल्डर दाखवलं. क्षणात डिस्क दिसली. बाईंचीही बहुतेक धडधाकटच असणार, हे मला उमगलं.

मी भंगारवाल्याला गाठलं, पण त्याने बाईंचा लॅपटॉप केव्हाच मोडला होता. रविवारी मोताळ्याला जाऊन मी बाईंना खरं सांगितलं.

"भाऊ, मी मनाले समजावलं होतं," त्या म्हणाल्या. "आता काऊन सांगून राह्यले?"