भुस्सच्या आधीची जागा

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि आमच्या मजल्यावर पाण्याच्या वेळी बादली घेऊन उभ्या असलेल्या समस्त सज्जनांना याद्वारे कळविण्यात येते की, 'भुस्स' या शब्दाच्या आधी आठ मात्रांची जागा रिकामी सोडण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता. त्याला कुणाचाही पाठिंबा नव्हता. उलट एका बाईने हात जोडून विरोध केला होता.

ही बाई म्हणजे आमच्या शेजारीण, मूळच्या कोकणातल्या. काळाचौकीच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे, तीही नावापुरती. त्यांची मुलगी दुसरीत. पोरगी भलती हुशार, पण बोलताना अडते. शब्दाच्या दारात उभी राहते आणि दार उघडत नाही. परळच्या दवाखान्यात एक बाई तिच्याकडून बोलण्याचा सराव करून घेतात. त्यांनी सांगितलं होतं की ठेक्यात म्हटलेलं तिला सोपं जातं, गाणी-बडबडगीतं म्हणून घ्या.

आणि बडबडगीतं म्हटलं की चाळीत मीच. दिवसा मी विम्याच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारतो. उरलेल्या वेळात मुलांसाठी कविता लिहितो, त्यातल्या काही छापूनही येतात.

गणपतीच्या आधी शेजारीण आल्या. "भावजी, आमच्या बायला एक कविता लिवून द्या ना. औंदा स्टेजवर म्हणतंय म्हणते. पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाली हो."

मी हवेतच गेलो. आमची ही आतून म्हणाली, "झालं. आता आठवडाभर भाजीला मीठ किती, ते पण टाळ्या वाजवून सांगणार."

तिचं चुकत नव्हतं. मुलांची कविता मी कागदावर लिहीत नाही, मांडीवर लिहितो. चार मात्रांना एक थाप. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षर आलं की त्याच्या आधीचं अक्षर वजन उचलतं आणि एकाचं दोन होतं. म्हणून 'टुमक' तीन मात्रांचं आणि 'टुम्मक' चारचं. 'टुमक टुमक' म्हणा, कुणीतरी घाईने निघून जातं. 'टुम्मक टुम्मक' म्हणा, पोट हलायला लागतं. मला पोटच हवं होतं.

मग त्या पोटाच्या मालकाला नाव. बनवलेल्या शब्दाची एक अट असते: अर्थ कुणी सांगायच्या आधी पोराला तो कळला पाहिजे. आधी 'फिंद्रुकनाथ' करून पाहिला. नाकाला शेंबूड आहे हे लगेच कळतं, पण मात्रा भरतात सात. ओळीच्या शेवटी एक मात्रा कमी पडली की जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखा पाय धपकन आपटतो. शेवटी 'टिंगळभोपा' सापडला. आठ मात्रा, दोन थापा, आणि आत भोपळ्याचा वास. मी गॅलरीतून दोन फेऱ्या मारून पाहिल्या. पाय आपोआप पडत होते.

टुम्मक टुम्मक टिंगळभोपा
डोक्यावरती उलटा टोपा
चाळीमधुनी गेला चालत
ढब्बुक ढब्बुक पोटुक हालत
आला नाक्यावरती आणिक...

आणि इथे माझी करामत. 'आणिक'नंतर काही नाही. शब्द नाही, टाळी नाही, हात हवेत. पूर्ण दोन थापांची शांतता. ऐकणारा पुढे झुकतो, आता काय, आता काय, आणि मग: "भुस्स!" टिंगळभोप्यातली हवा जाते.

ही रिकामी जागा मला फार प्रिय. तिथे कोणीही हसतं. कचेरीतले लोकसुद्धा हसतात.

पोरीने पहिल्याच दिवशी चार ओळी अशा म्हटल्या की तिची आई ओट्याकडे तोंड फिरवून डोळे पुसू लागली. मी टाळी द्यायचो, ती उडी मारायची. टुम्मकवर डावा पाय, भोपावर उजवा. ट आला, ढ आला, एकही दार बंद नाही. मग "आणिक" आलं. हात वर. शांतता. आणि पोरीचे ओठ मिटले ते मिटलेच. गळ्याची शीर उभी राहिली. "भ... भ... भ..."

"सुरुवातीला होणार," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. शेजारीण म्हणाल्या, "भावजी, ती थांबायची जागा काढा की हो. दवाखान्यातल्या बाई म्हणतात, चालू असलं की चालतं. थांबून परत सुरू करणं, तेच हिला जड."

यावर मी काय करावं? दोन शब्द भरून ती जागा बुजवायला मला चहा निवायच्या आत जमलं असतं. त्याऐवजी मी व्याख्यान दिलं. म्हणालो, वहिनी, ही जागा म्हणजे कवितेचा श्वास आहे. ही काढली तर उरतं काय? सराव करा, जमेल.

त्यांनी खरंच हात जोडले. "तुमचं तुम्हाला माहीत. आमका कवितेतला काय कळतला. पण ती पोरगी आसा हो."

त्या गेल्यावर ही म्हणाली, "अहो, कविता कोणासाठी लिहिली?"

"म्हणजे काय, तिच्यासाठी."

"मग तिला म्हणता येईल अशी लिहा ना."

मी टाळी वाजवून दाखवली. तिने कुकर लावला.

कार्यक्रम चाळीच्या चौकात. मुलगी परकर-पोलक्यात, केसांत अबोलीचा वळेसर. माईक तिच्या उंचीला आणताना कुईंऽऽ असा आवाज झाला, तरी ती हलली नाही. टुम्मक टुम्मक सुरू झालं. सगळा चौक टाळ्या द्यायला लागला. पोटुक हाललं. लोक हसले. "आला नाक्यावरती आणिक..."

शांतता. माझी सुंदर, जपलेली शांतता.

"भ..." माईकमधून आलं. "भ... भ... भ..."

खाली सतरंजीवर बसलेल्या पोरांना वाटलं, हे कवितेतच आहे. एकाने सुरू केलं, मग सगळ्यांनी: "भ! भ! भ! भ!" आणि शेवटी सगळ्या चौकाने मिळून "भुस्स!" केलं. असा हशा चाळीने कित्येक वर्षांत ऐकला नसेल. पोरगी माईकसमोर ओठ मिटून उभी होती. तिने 'भुस्स' म्हटलंच नाही. म्हणायची गरजच कोणी ठेवली नव्हती. मग ती आपली आपण खाली उतरली.

आणि लोक माझ्याकडे आले! "काय शेवट केलास रे! ते भ-भ-भ म्हणजे कमाल!" मंडळाच्या अध्यक्षांनी पाठीवर थाप मारली. चाळीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, खाली हसून लोळणारे पिवळे चेहरे. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आपली कृपा." दोन शब्द, आठ मात्रा. एवढं एक मोजलं मी तेव्हा, हे लाजेने सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून पोरं जिन्यावरून उतरताना, क्रिकेट खेळताना, शाळेच्या बसमध्ये चढताना तीच कविता म्हणू लागली. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. ठेका पक्का, ओळी गोड, आणि शेवटी भ-भ-भ-भ-भुस्स. माझी आजवरची सर्वांत गाजलेली कविता, आणि तिच्यात शेजारच्या पोरीचं अडणं कायमचं बसलेलं. तिच्या दारावरून ते दिवसातून कितीदा जायचं. पोरगी गॅलरीत यायची थांबली. घरातही मान हलवून हो-नाही करायची. दवाखान्यातही गप्प.

मी शेजारणीकडे गेलो. म्हटलं, सगळ्यांना बोलावून सांगतो, ते कवितेत नव्हतं.

"आणि काय सांगतलास?" त्या भिंतीला कान असल्यासारख्या हळू बोलल्या. "की माझा चेडू अडता? आता कोणाक म्हायत नाय, तेंका पण कळांदे? नको हो भावजी. गप ऱ्हवा."

गप्प राहणं हीच माझी शिक्षा झाली, आणि मला बोलण्याशिवाय काही येत नाही. ठेक्यातली कविता परत घेता येत नाही. ती पोरांच्या पायांत गेलेली असते. तिला फक्त दुसरी कविता हुसकावू शकते. म्हणून मी दुसरी लिहायला बसलो. या वेळी मांडीवर नाही, कागदावर, आणि नियम करून. एकही रिकामी जागा नको. ओळ संपायच्या आत पुढची सुरू झाली पाहिजे. ओठ आपटणारी अक्षरं नकोत. प, ब, भ हद्दपार. ट, ठ, ड, ढ यांनाही चाळबंदी. म, ल, व आणि स्वर, ज्यांच्यावर आवाज आरामात घसरत येतो, त्यांना पहिला मान.

मऊ मऊ मी, मऊ मऊ तू
आलुम वालुम ढगात राहू...

हिने वाचलं आणि म्हणाली, "ढ आला की हो."

"एकच आहे. मधे आहे. चालतं."

"चांगलीय," ती म्हणाली. तिचा हा 'चांगलीय' मला ठाऊक आहे. लग्नानंतर माझ्या आईने दिलेल्या साडीलाही तो मिळाला होता.

मी कविता घेऊन शेजारी गेलो. पोरगी खाटेवर पाय सोडून बसली होती. माझ्याकडे बघेना. मी खाली जमिनीवर बसलो. या वेळी नाटक नाही, असं ठरवून गेलो होतो, तरी हात जोडले गेलेच.

"बाय, माझं चुकलं. आईने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला माझं हसू हवं होतं."

मी कागद पुढे केला आणि मांडीवर हळूच थाप दिली. बराच वेळ मी एकटाच थापा देत राहिलो. मग तिने कागद ओढून घेतला आणि वाचायला लागली. मऊ मऊ मी, मऊ मऊ तू. एकही अडथळा नाही. ओळीमागून ओळ, तेल सोडल्यासारखी, शेवटपर्यंत. कित्येक दिवसांनी तिच्या खोलीत तिचा आवाज होता. दारात शेजारीण पदर तोंडाशी धरून उभ्या. मी थांबलो होतो. खरं सांगायचं तर माफीची वाट बघत होतो, आणि जमलंच तर थोड्या कौतुकाचीही.

पोरीने कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. मग पुन्हा सुलटा केला. कपाळाला आठी घातली. ओठ मिटले, गळ्याची शीर उभी राहिली. आम्ही दोघं मोठी माणसं श्वास धरून होतो. आणि ती पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाली, अडत, पण न थांबता, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने:

"पण काका, यात ग... ग... गंमतच नाहीये!"