त्र्याहत्तर सालचा खड्डा

सोलापूरच्या सराफ बाजारातल्या आमच्या पेढीवर शिवलिंगप्पा काट्याला बसायचा आणि मी खरेदीच्या वह्या लिहायचो. बावीस वर्षं आम्ही एकाच गादीवर बसलो. माणूस काट्यासारखाच, इकडे नाही की तिकडे नाही. मालकाच्या बायकोचं सोनं असो की येडू कुंभाराच्या सुनेचं डोरलं, वजन सांगायचा तेच सांगायचा. अशा माणसाला नाद लागावा तो कसला, तर लाटा मोजायचा! समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता.

झालं असं की त्याचा एक शाळासोबती मुंबईला शेअर दलालाकडे नोकरीला होता. त्याने एकदा चार टंकलिखित कागद पाठवले. इलियट नावाच्या कुणा अमेरिकन हिशेबनिसाने शोधून काढलं होतं म्हणे, की बाजाराचा भाव लाटांनी चालतो. मोठ्या कलाच्या दिशेने पाच लाटा आणि मग उलट्या दिशेने तीन. पाचांना आकडे द्यायचे, तिनांना अ, ब, क. प्रत्येक लाटेच्या पोटात पुन्हा तसल्याच लहान लाटा. शिवलिंगप्पाकडे एकोणसत्तर सालापासूनचे दर शनिवारचे मुंबईचे भाव लिहिलेले होतेच. त्याने आलेखाचे कागद आणले, खळीने एकमेकांना जोडले आणि सोन्याचा डोंगर काढला. कागद उलगडला की पेढीची अर्धी गादी व्यापायचा.

एकट्याला नाद गोड लागत नाही. त्याची धाकटी बहीण दानम्मा हिचा दीर मडिवाळप्पा एका गिरणीत आकडेवारीच्या खात्यात कारकून होता. त्यालाही शिवलिंगप्पाने ते कागद वाचायला दिले आणि तो याच्याहून जास्त पेटला. दर रविवारी दोघे पाव्हणे दानम्माच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत जमायचे. ती शेंगापोळी वाढायची आणि हे दोघे शिसपेन्सिली घेऊन वाद घालायचे. मी चहापुरता जायचो. मला त्यातलं फारसं पटायचं नाही, पण शेंगापोळी पटायची.

सत्त्याहत्तरच्या श्रावणापर्यंत ही सगळी गंमतच होती. त्या श्रावणात दानम्माच्या लेकीचं, गंगूचं, लग्न टेंभुर्णीच्या घरात ठरलं. तारीख वैशाखातली. मुलीच्या अंगावर पाच तोळे घालायचे, असं बैठकीत ठरलं. नवा तोळा, दहा ग्रॅमचा. दानम्माचा नवरा गिरणीत असतानाच वारला होता. त्याच्या फंडाचे चोवीसशे रुपये तिने पोस्टात ठेवले होते आणि भाव होता चारशे ऐंशी. चोवीसशेला बरोबर पाच तोळे, मजुरी शिवलिंगप्पा देणार होता. म्हणजे गणित सुटलेलंच होतं. पण घरात दोन पंडित असले की सुटलेलं गणितही अडतं.

त्या रविवारी तिने शेंगापोळी वाढलीच नाही. दोघांच्या समोर बसली आणि म्हणाली, "अण्णा, भावजी, मला तुमच्या लाटाबिटा कळत न्हाईत. येवढंच सांगा, सोनं आत्ता घिऊ का थांबू?"

शिवलिंगप्पा म्हणाला, "आत्ता घे."

मडिवाळप्पा म्हणाला, "थांबा वैनी."

दोघांनी एकाच वेळी म्हटलं आणि दोघेही चपापले. मग शिवलिंगप्पाने तो लांबलचक कागद जमिनीवर पसरला. त्यावर दोघांनी एकेक पारदर्शक कागद ठेवून आपापले आकडे मांडले, एकाने तांबड्या पेन्सिलीने, एकाने निळ्या. आलेख एकच आणि भाव तेच.

सुरुवातीला पावणेदोनशेवरून दोनशेपाचपर्यंतची चढण, ती पहिली लाट. मग एकशे पंच्याऐंशीपर्यंतचा उतार, ती दुसरी. इथवर तांबडं आणि निळं एक होतं. पुढे भाव चढून तीनशेला गेला, त्र्याहत्तर साली पडून अडीचशेला आला, आणि तिथून उसळून चौऱ्याहत्तरच्या अखेरीला साडेपाचशेला भिडला. मडिवाळप्पाने तीनशेवर तीन लिहिले, त्र्याहत्तरच्या खड्ड्यात चार आणि साडेपाचशेवर पाच. "पाच झाल्या पाव्हणं. चढ संपला. नंतर साडेपाचशेवरनं चारशे तीसला आला, ती अ. त्याच्या पोटात पाच बारक्या लाटा हायत, मोजा. आत्ताची ही उसळी ब. आता क यायची, चारशे तीसच्या खाली. वैनीस्नी त्यातच साडेपाच तोळं मिळंल की."

शिवलिंगप्पाने त्र्याहत्तरच्या खड्ड्यात काहीच लिहिलं नव्हतं. "ह्यो खड्डा न्हवं, खळगा हाय. तिसऱ्या लाटेच्या पोटातला. तिसरी लाट एकशे पंच्याऐंशीपासनं सलग साडेपाचशेपतोर. नंतरची पडझड तीन तुकड्यांची हाय, पाचांची न्हाय. म्हंजी ती चौथी. पाचवी आत्ता सुरू झाली. साडेपाचशेच्या वर जाणार."

मी म्हटलं, अरे, नियम असतील ना काही? होते की. दुसरी लाट पहिलीच्या मुळाखाली उतरता कामा नये. पहिली, तिसरी आणि पाचवी यांत तिसरी सगळ्यांत आखूड असता कामा नये. चौथीने पहिलीच्या हद्दीत शिरता कामा नये. दोघांनी एकमेकांचे कागद पट्टीने तपासले. शिवलिंगप्पाला मडिवाळप्पाच्या मोजणीत चूक सापडली नाही आणि मडिवाळप्पाला शिवलिंगप्पाच्या. नियम एवढंच सांगत होते की काय असू शकत नाही. काय आहे, ते सांगत नव्हते. त्र्याहत्तरचा तो खड्डा मोठा मानायचा की लहान, हे कुठल्याच नियमात नव्हतं. ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांत होतं.

आणि त्या डोळ्यांमागे काय होतं, ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी, शहात्तरच्या श्रावणात, शिवलिंगप्पा रजेवर असताना मडिवाळप्पा आपल्या बायकोच्या, सुंदरम्माच्या, पाटल्या आमच्याच पेढीवर मोडून गेला होता. भाव चारशे पस्तीस. नोंद माझ्या हातची. "पाव्हण्यास्नी सांगू नगा, भाव उतरला की घेतो परत," म्हणाला होता. तेव्हापासून भाव चढतच होता आणि तो उतरायची वाट बघत होता. शिवलिंगप्पाचंही तेच, उलट्या बाजूने. बहात्तर साली त्याच्या बायकोने पुतळ्यांची माळ मागितली होती. दोनशेला महाग आहे, जरा थांबू, असं तो म्हणाला आणि मग ती माळ कधीच झाली नाही. बायको गेली ती मोकळ्या गळ्याने. त्या दिवसापासून त्याला कुठल्याही कागदावर चढच दिसायचा.

दोघेही खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत असते तर मी भांडलो असतो. दोघांचाही दानम्मावर जीव होता आणि दोघांनाही जे दिसत होतं तेच ते सांगत होते. मी मात्र गप्प बसलो. दिलेला शब्द पाळला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आज विचाराल तर भ्यालो होतो.

दानम्मा दोन्ही कागदांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कागूद तर येकच हाय की रे."

तिने थांबायचं ठरवलं. भावापेक्षा दिरावर जास्त विश्वास होता म्हणून नव्हे. बाप नसलेल्या पोरीच्या लग्नात मांडवात उभा राहणार तो काका. त्याचा शब्द मोडून सोनं आणलं असतं तर तो काही बोलला नसता, पण त्याला ते लागलं असतं. शिवलिंगप्पाला हे कळलं. घरी जाताना तो मला म्हणाला, "तिचं बरोबर हाय. एन माडोदु?" काय करायचं, असं तो कानडीत म्हणाला की समजायचं, याला आता मराठीत सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

दसऱ्याला भाव पाचशेच्या पुढे गेला. मडिवाळप्पा म्हणाला, ब अजून संपली नाही. दिवाळीनंतर आणखी चढला. शिवलिंगप्पाने बहिणीला दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा धाडला नाही, कारण मधेच चार आठवडे भाव पडला आणि त्याचाच धीर सुटला. समजा क खरंच आली तर? आपण पोरीचं नुकसान करतोय का? त्या चार आठवड्यांत मी त्याला पहिल्यांदा त्र्याहत्तरच्या खड्ड्यात चार लिहिताना पाहिलं. लिहिलं आणि खोडलं.

मग भाव साडेपाचशे ओलांडून गेला. मला वाटलं, चला, निदान वाद तरी मिटला. त्या रविवारी मडिवाळप्पा आला, चेहरा उतरलेला, पण कागद हातात. "पाव्हणं, अ च्या पोटात पाच मोजल्या त्या माझं चुकलं. तीनच हायत, तुमचंच खरं. पण अ तिनाची असली की ब वरच्या टोकाच्या पल्याड जाती. त्या कागदात लिवलंय. म्हंजी ही अजून ब च हाय." शिवलिंगप्पाने मुंबईचे ते जुने कागद काढून पाहिले. खरंच लिहिलेलं होतं. त्याने कागद मिटले. भाव वर गेला तरी मडिवाळप्पा चुकत नव्हता. आणि भाव चारशे तीसच्या खाली गेला असता, तर चौथी लाट अजून संपली नव्हती, असं शिवलिंगप्पालाही म्हणता आलंच असतं. हे त्याचं त्यालाच कळलं, मी सांगायची गरज पडली नाही.

चैत्रात भाव सहाशे. लग्नाला महिना. चोवीसशे रुपयांचे चारच तोळे होत होते. शिवलिंगप्पाने मालकाकडे उचल मागितली. मालकाने मजुरी माफ केली, उचल मात्र दिली नाही. मडिवाळप्पाने कुठून तरी पन्नास रुपये आणून वहिनीपुढे ठेवले. तिने ते परत केले. सुंदरम्माचे मोकळे हात तिने कधीच पाहिले होते, फक्त बोलली नव्हती. आणि मी इतके महिने ते गुपित सांभाळत बसलो होतो!

एका मंगळवारी दुपारी दानम्मा पेढीवर आली. पदराखालून बोरमाळ काढली आणि भावाच्या काट्यावर ठेवली. त्यांच्या आईची बोरमाळ होती ती. आई जाताना लेकीला देऊन गेलेली. शिवलिंगप्पाने लहानपणी आईच्या मांडीवर बसून ते मणी तोंडात घातले होते, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं.

"मोड आन् पोरीच्या पाच तोळ्यात घाल," ती म्हणाली.

त्याचे हात काट्याजवळ जाईनात. मी वही उघडली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. शेवटी त्याने वजनं ठेवली. काटा स्थिरावला. जुने मणी आतून लाखेचे असतात. लाख वजा जाता सोनं भरलं दहा ग्रॅमला जरासं वर.

"दानी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी जोर लावून सांगायला पायजे हुतं."

"आन् भावजींचं?"

"मोजणी त्याचीबी चुकली न्हाय. मी तपासली हाय. नियमात बसती."

"म्हंजी तुजंबी बरोबर आन् त्येंचंबी बरोबर," दानम्मा म्हणाली. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं. "मग अण्णा, आईची माळ कशापायी मोडायली रं?"

शिवलिंगप्पाने वजन मला सांगायचं असतं, ते त्याच्याने सांगवेना. मी काट्यावर वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिला.