टाकीतलंच पेट्रोल चोरीला गेलं

माझ्या मोठ्या दिरांना मोबाईलवर काहीही सापडलं की त्यांना वाटतं, आपल्याला गणित येतं. या एका समजापायी त्यांनी आमच्या ड्रायव्हरला चोर ठरवलं. आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

घोलवडला आमची चिकूच्या कलमांची नर्सरी. कलमं पोचवायला एक पेट्रोलची व्हॅन. ड्रायव्हर तलासरीकडच्या पाड्यावरचा, इतकी वर्षं आमच्याकडे की माझी मुलं त्याला काका म्हणतात. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तो गाडीच्या हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये मीटरचा आकडा, लीटर आणि पैसे टाकायचा आणि त्याचा स्क्रीनशॉट आमच्या ग्रुपवर पाठवायचा. टाकी फुल केली तर तशी खूणही करायचा. आमच्या भागात फुल टाकी म्हणजे हद्दीपलीकडे, गुजरातच्या पंपावर. तिथं स्वस्त पडतं. डहाणूत भरायचं ते गरजेपुरतं.

त्या दिवशी भाऊजींना किलोमीटरमागे भाडं ठरवायचं होतं. तीन स्क्रीनशॉट काढून बसले. पहिला: मीटर ४८,२१०, हद्दीपलीकडे तीस लीटर, टाकी फुल. दुसरा: ४८,५१०, डहाणूत दहा लीटर. तिसरा: ४८,६३०, पुन्हा पलीकडे वीस लीटर, टाकी फुल. यांनी काय केलं, तिन्हींची बेरीज मारली. साठ लीटर, चारशेवीस किलोमीटर, म्हणजे लीटरला सात. किलोमीटरला जवळजवळ चौदा रुपये. आणि व्हॅन तर लीटरला चौदा किलोमीटरचं ॲव्हरेज देते, हे त्यांना ठाऊक. झालं. अर्धं पेट्रोल गेलं कुठे?

मला विचारायचं तरी. नाही. कलमं बांधणाऱ्या बायकांच्या देखत, शेडमध्ये, त्यांनी त्याला उभं करून विचारलं की पेट्रोल कुणाला विकतोस. त्याने बांधणीच्या सुतळ्यांवर किल्ली ठेवली आणि पायीच स्टेशनच्या रस्त्याला लागला. बायका खाली मान घालून बांधत राहिल्या. मी आले तेव्हा तो गेलेला होता, आणि भाऊजी मोठं काम केल्यासारखे चहा पीत बसले होते.

मी ते स्क्रीनशॉट मागून घेतले. अहो, पहिले तीस लीटर कशाला धरले? ते तर त्याच्या आधी धावलेल्या किलोमीटरचं पेट्रोल. टाकी रिकामी होत आली होती, ती त्या तीस लीटरनी भरली. फुल टाकीपासून फुल टाकीपर्यंत मोजायचं, म्हणजे मधे जे भरलं आणि शेवटी जे भरलं, तेवढंच खर्चलेलं. दहा आणि वीस, तीस लीटर. चारशेवीस भागिले तीस, चौदा. पैशाचंही तसंच: डहाणूचे एक हजार पन्नास, पलीकडचे एकोणीसशे, भागिले चारशेवीस, किलोमीटरला सात रुपये आणि वर दोन पैसे. पेट्रोलचा एक थेंबही कुठे गेला नव्हता.

भाऊजी म्हणाले, तीस लीटर भरले ते भरलेच ना, हवेत तर गेले नाहीत. मी त्यांना दंडाला धरून अंगणात नेलं. मोठ्या दिरांना असं कुणी धरत नाही आमच्यात, पण धरलं. व्हॅन तिथंच उभी होती. तिसऱ्या स्क्रीनशॉटनंतर ती हद्दीपलीकडून घरी आली, बस्स. किल्ली फिरवली. काटा वरच्या रेषेच्या जरासा खाली.

"तुम्ही चोरीला गेलं म्हणता ते पेट्रोल हे इथं आहे," मी म्हणाले. "टाकीत."

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. मग म्हणाले, हिशोबात जरा चूक झाली, उद्यापासून ये म्हणून त्याला मेसेज टाकतो. मेसेज! माझा तोल सुटला. शेडमध्ये बोललात ना, शेडमध्येच परत घ्या, नाहीतर उद्यापासून कलमं डोक्यावर घेऊन तुम्हीच पोचवा, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. बायकांनी ऐकलं. मला त्यांनी ऐकावंच असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाड्यावर जाऊन त्याला घेऊन आले. भाऊजी शेडमध्ये उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी चूक होती. याने काही घेतलं नाही." आवाज फारसा निघाला नाही, पण निघाला. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "चालेल, शेठ." किल्ली घेतली आणि कलमं भरायला लागला.

सगळं पूर्ववत झालं असं भाऊजी म्हणतात. त्यांना म्हणू दे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी व्हॅन अंगणात लावली की आमच्या ग्रुपवर एक फोटो येतो. मीटर, आणि शेजारी पेट्रोलचा काटा. कुणी मागितलेला नसतो. मी त्याला किती वेळा सांगितलं, आता नको पाठवत जाऊस. तो म्हणतो, "असू दे वहिनी." आणि फोटो येतोच.