कोऱ्या सोडलेल्या दोन सिद्धता

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावी. घरात कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सल्ला मिळाला असता, आणि सल्ला मला सोसत नाही. सहावीत शाळा सोडली ती हुपरीत पैंजण घडवायला बसलो. आता रोज दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला क्लासला जायचो. वर्गात आम्ही आठजण, सगळे मोठे. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षा लहान, पण आवाज असा की खडूसुद्धा सरळ चालायचा.

भूमितीची चाळीस गुणांची सराव परीक्षा झाली, तेव्हा बोर्डाच्या पेपराआधी क्लासचे पाचच तास उरले होते. बाईंनी आठही पेपर घेऊन कोणत्या प्रकारच्या प्रश्नात वर्गाचे किती गुण गेले ते फळ्यावर मांडलं. सिद्धता चोपन्न, शाब्दिक उदाहरणं बावन्न, सूत्राची पंधरा, रचना सात, बहुपर्यायी सहा. मग उंच खांबापासून बुटक्या खांबापर्यंत ओळीनं चित्र काढलं आणि वर बेरजेची चढती रेघ.

"ह्याला पॅरेटो म्हणतात," बाई म्हणाल्या. "एकूण गेले एकशे चौतीस. त्यातले एकशे सहा पहिल्या दोन खांबांतच. म्हणजे शंभरातले एकोणऐंशी. सगळं थोडं थोडं करत बसायचं नाही. पहिले तीन तास सगळ्यात उंच खांबाला, सिद्धतेला. उरलेले दोन शाब्दिकला."

माझ्या शेजारी अंगणवाडीतली मदतनीस बसायची. तिला सेविका व्हायचं होतं. पुढं बारावी करायची, पण त्याआधी गणितात पास व्हायला पाहिजे. तिचा जीव शाब्दिक उदाहरणांत अडकलेला. दीपगृहाच्या उंचीचं उदाहरण आलं की ती पेन खाली ठेवायची.

"मेले," ती पुटपुटली. "दोन तासांत मला काय कळणार वो, काका?"

मी फळ्याकडं बघत होतो. चोपन्नातले दहा माझे होते. आणि मला ते येत नव्हते म्हणून गेलेले नव्हते. मी दोन्ही सिद्धता मुद्दाम कोऱ्या सोडल्या होत्या. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन्ही स्पर्शिका सारख्या असतात, हे सिद्ध करा म्हणे! जन्मभर कड्या वळल्या, सारख्या असतात हे मला कोण सांगणार? जे डोळ्याला दिसतंय ते लिहून द्यायला मी काय कोर्टात उभा हाय? असं म्हणून पेपर दिला होता.

माझे दहा काढले तर सिद्धता चव्वेचाळीस. म्हणजे पहिला खांब शाब्दिकचा. वाकडेपणा माझा आणि तीन तास जाणार हिचे.

कबूल करणं मला कधी जमलेलं नाही. लग्नात हार उलटा घातला होता तोही मी तसाच ठेवला होता. तरी उभा राहिलो.

"बाई, तुमचा खांब चुकलाय."

"कुठं चुकलाय?"

"त्यातले धा गुण माझ्या डोक्यातले न्हाईत, माझ्या खोडीतले हाईत. मला येतंय की, लिहिलं न्हाई."

वर्ग हसला. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, येत न्हवतं म्हणा की सरळ!"

बाई हसल्या नाहीत. खडू पुढं केला. "या, लिहा. तुमच्या शब्दावर मी खांब कमी करत नाही."

लिहिलं. केंद्रापासून दोन त्रिज्या काढल्या, मधली बाजू दोघांना सामाईक, दोन्ही कोन नव्वदचे, कर्ण-भुजा कसोटीनं त्रिकोण एकरूप. दुसरीही झाली. बाई प्रत्येक ओळीपाशी थांबायच्या.

"कोन नव्वदचा का?"

"दिसतोय की."

"एक गुण गेला. कारण लिहायचं, स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. आणि ह्या दुसऱ्या सिद्धतेत? सामाईक बाजू लिहिलीच नाही. तिथं एकरूपतेची कसोटी नाही." त्यांनी फळ्यावरचं चोपन्न पुसलं आणि सत्तेचाळीस लिहिलं. "दहातले सात आले, तीन गेले. हे तीन तुमचे खरे."

सात वाचवल्याचा अभिमान मला वाटला, आणि तीन गेल्याचा राग आला. खरं सांगायचं तर राग जास्त.

बाईंनी चित्र पुन्हा काढलं. शाब्दिक बावन्न, पहिला. त्यामागं सिद्धता. तीन तास शाब्दिकला मिळाले.

दुसऱ्या दिवशी दीपगृह आलं. मदतनिसीनं पेन खाली ठेवलं नाही, पण लिहीतही नव्हती.

"मी समुद्र बघितला न्हाई, काका."

"मग कळंबा तलाव घे. काठावर वीस मीटरचा खांब. वरनं होडी बघितली, कोन पंचेचाळीसचा. आधी चित्र काढ, मग शब्द वाच."

तिनं त्रिकोण काढला, उंची लिहिली, बराच वेळ टॅनकडं बघितलं. मग म्हणाली, "पंचेचाळीसचा टॅन एक. म्हणजे अंतर बी वीसच?"

"वीसच."

"कारण लिवू का?"

"लिव," मी म्हणालो. "न्हाईतर बाई गुण कापत्यात."