अक्तीचा परचा

गजाननराव खांडेकर झाशीच्या सराफ्यात मुनीम होते. घरी मराठी, गादीवर हिंदी, आणि राग दोन्हींत सारखाच. अक्षय्य तृतीयेला इकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशीच्या सोनेखरेदीचा परचा, म्हणजे जाहिरातीचा कागद, दरवर्षी गजाननरावच लिहीत आणि तो स्टेशनापासून रेल्वे कारखान्यापर्यंत वाटला जाई.

त्या वर्षी पेढीचे मालक सेठजी म्हणाले, "लिहा, आज घेतलेलं सोनं घर भरतं, वर्षात भाव दुप्पट."

"सण लोकांचा आहे, त्याला माझा नमस्कार," गजाननराव म्हणाले. "भाव उद्या कुठे जाईल ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही."

त्यांनी लिहिलं ते असं: अक्तीचा शुभ दिवस. दर त्या दिवसाचा. घडणावळ निम्मी. वजन तुमच्यासमोर. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

शेवटची ओळ वाचून सेठजी तापले. "गिऱ्हाईक पळेल."

"पळू दे. नाहीतर परचा दुसऱ्याकडून लिहून घ्या."

परचा तसाच छापला गेला.

अक्तीला सकाळी एका इंजिन ड्रायव्हरची बायको तो हातात घेऊनच आली. तिने नाकातली लौंग निवडली आणि विचारलं, "भैया, इससे घर में बरकत होगी?"

सेठजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात गजाननराव म्हणाले, "बहनजी, वो भगवान जाने. आप पर जँचेगी, इतना मैं कह सकता हूँ."

ती हसली. सेठजींनी तोंड मिटलं आणि आरसा तिच्यापुढे सरकवला.