दारापर्यंतची वाट

हे लिहायला मी बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या घरातलं चारचौघांत सांगू नये, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. मी तेच करतो आहे. म्हणून नावं लिहिलेली नाहीत. तरीही काही चुकलं तर माझ्या अजाणतेपणावर सोडावं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी कुठेतरी पाठवतात. मला एका हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात पाठवलं होतं. तिथल्या समाजसेविका मॅडमच्या हाताखाली मी शिकत होतो. एके दिवशी हिंजवडीच्या एका कंपनीत काम करणारा माणूस कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून आला. बिबवेवाडीत त्याची मावशी एकटी राहत होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, अविवाहित. तिच्या फ्लॅटमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही, आणि सोसायटीच्या कमिटीने घर रिकामं करा नाहीतर महापालिकेकडे तक्रार करू, असं कळवलं होतं. तो म्हणाला, टेम्पो बोलावून एका रविवारी सगळं उचलून टाकतो, तुम्ही फक्त तिला त्या दिवशी इथे ॲडमिट करून घ्या.

मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की असं केलेल्या घरांत माणूस खचतो, कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि घर पुन्हा भरतं. आधी बघू, मग ठरवू.

आम्ही घरी गेलो तेव्हा त्या मावशीबाईंनी दार अर्धंच उघडलं, कारण त्याहून जास्त ते उघडतच नव्हतं. आत माझ्या खांद्याच्या वरपर्यंत वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, आणि त्यांच्यामधून आडवं होऊन जावं लागे. मी हात लावला नव्हता तरी एक गठ्ठा किंचित हलला. मला तेव्हा जी भीती वाटली ती अजून आठवते. स्वयंपाकघरात ओट्यावर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांचे ढीग, आणि त्यांच्या अगदी जवळ गॅसची शेगडी. पंख्याची वायर रद्दीच्या खालून गेलेली. पलंगावर डबे, म्हणून त्या खुर्चीत झोपत.

मी त्यांना आजी म्हणालो.

"आजी म्हणू नका, मला नातवंडं नाहीत."

"मग काय म्हणू?"

"आपण म्हणा. तेवढ्यात भागतं."

मॅडम हसल्या, तेव्हा बाईही जराशा हसल्या. नंतरची कितीतरी बोलणी त्या हसण्यावर झाली.

तपासणी एका दिवसात झाली नाही. मॅडमकडे खोल्यांच्या चित्रांचा एक संच होता, रिकाम्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत. आपली खोली यातली कोणती, असं त्यांनी विचारलं. बाईंनी मधल्या चित्रावर बोट ठेवलं. आम्ही त्याच खोलीत उभे होतो आणि माझ्या मते ती त्याहून खूप पुढची होती. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या की हा फरकही लिहून ठेवायचा, त्यांना किती दिसतं ते त्यावरून कळतं. मग डॉक्टर घरी येऊन गेले. स्मरणशक्ती तपासली, ती माझ्यापेक्षा बरी निघाली. उदास वाटतं का, झोप कशी आहे, वस्तू टाकली तर काहीतरी भयंकर होईल असा विचार पुन्हा पुन्हा येतो का, हेही विचारलं. भयंकर काही होणार नाही, बाई म्हणाल्या, पण टाकायचं म्हटलं की छातीत धडधडतं. हे तरुणपणापासून होतं, आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर वाढलं. रक्तदाबाच्या गोळ्या ढिगात हरवत, म्हणून त्या पुन्हा विकत आणत आणि कधी मधेच घ्यायच्या राहून जात.

डॉक्टरांनी याला साठवणुकीचा विकार म्हटलं. विसराळूपणा नाही, आळस नाही, घाणेरडेपणाही नाही. त्यावर नेमकी गोळी नाही, काम घरातच आणि हळूहळू करावं लागेल, असं ते म्हणाले.

मला मात्र एक शंका छळत होती. मांजरी गावात आमच्या घरी आईसुद्धा दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवते. त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "हाय की, रद्दीवाल्याला देते. ठिवून काय करू?" मी घास तोंडात धरून बसलो. आमच्या पिशव्या घरातून जात होत्या. आमच्या ओट्यावर भाकरी होत होती. फरक तिथे होता, पण तो मला फार बारीक वाटला आणि त्याचीही भीती वाटली.

मॅडमनी बाईंना विचारलं की या घरात तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवं आहे. त्या म्हणाल्या, इथेच मरायचं आहे, आश्रमात नाही. मग योजना त्यावरच बांधली. कमिटीच्या सेक्रेटरींना भेटून मॅडमनी मुदत मिळवली. पहिली पायरी खुर्चीपासून दारापर्यंतची वाट, आग लागली किंवा त्या पडल्या तर त्यांना बाहेर येता यावं आणि कुणाला आत जाता यावं एवढी रुंद. दुसरी शेगडी आणि वायरी. मग ओटा, मग पलंग. रद्दीने भरलेल्या बाल्कनीचं नाव सध्या काढायचं नाही. आणि बरोबरीने, बाहेरून नवीन काही आणायचं नाही याचा सराव: कचऱ्याच्या गाडीपाशी कुणी काही चांगलं टाकलेलं दिसलं तरी हात न लावता तिथे थांबायचं, आणि ती ओढ ओसरल्यावर घरी यायचं. त्या सरावाला मी सोबत जात असे. बाई एका फुटक्या इस्त्रीकडे बघत उभ्या राहायच्या आणि मी घड्याळाकडे बघायचो.

घरात नियम एकच होता. वस्तूला हात बाईंचा, निर्णय बाईंचा. मी फक्त विचारायचं: राहणार, जाणार, की ठरायचंय? ठरायचंय म्हटलेलं एका पोत्यात जाई, आणि ते पोतं त्यांच्या नजरेसमोर दाराच्या आत राही. पुढच्या भेटीला ते उघडायचं. काम थोडाच वेळ चाले, मग चहा. हळूहळू वाट दिसू लागली. खालची फरशी पिवळी होती. बाई म्हणाल्या, विसरलेच होते मी हिचा रंग.

त्या पोत्यात त्यांनी जुनी भिंतीवरची कॅलेंडरं ठेवली होती. दर तारखेच्या चौकोनात किती दूध घेतलं ते आईच्या आणि पुढे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं. त्यांच्यावरून दोन भेटी गेल्या. त्या एकेक पान चाळत आणि परत पोत्यात ठेवत. मॅडम म्हणाल्या, घाई नको, अजून ठरलेलं नाही एवढंच.

शनिवारी भाचा आला. वाट मोकळी ठेवायची आहे हे त्याला माहीत होतं, मॅडमनीच समजावलं होतं. दाराशी पोतं वाटेत दिसलं, म्हणून त्याने ते उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं. मनात वाईट काही नव्हतं. पण त्या इमारतीत सकाळी दाराबाहेर जे असतं ते कचरा म्हणून जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी कचरा गोळा करणारीने रोजच्यासारखं ते नेलं.

त्यानंतर दार उघडेना.

मी बेल वाजवायचो, आतून उत्तर नाही. भाच्याने फोन केला की रिसीव्हर उचलून परत ठेवल्याचा आवाज यायचा. शेगडीपाशी पिशव्या अजून होत्या, वायर अजून तिथेच होती. मला डोळे मिटले की ते दिसायचं. दार तोडू या का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, धोक्याची खूण असेल तर लगेच, मग मी स्वतः पोलिसांना बोलावीन. खूण नसताना तोडलं तर ते दार आपल्यासाठी कायमचं गेलं. शेजारणीला त्यांनी गॅसचा वास आला तर कळवायला सांगितलं. मला सांगितलं, कॉलेजच्या आधी जाऊन बघत जा, दारावर अडकवलेली दुधाची पिशवी आत गेली आहे का.

मी रोज जिने चढायचो आणि शेवटच्या वळणावरून आधी दाराच्या कडीकडे बघायचो. पिशवी नसली की उतरताना हलकं वाटायचं. कुणीतरी जिवंत आहे हे दूध न दिसण्यावरून कळावं, असा तो काळ होता.

एके सकाळी पिशवी होती. पिशवीवर पाणी सुटलं होतं, म्हणजे ती बराच वेळ तशीच होती. मी दार वाजवलं, दाराला नाक लावून वास घेतला, कान लावला. काही नाही. शेजारणीलाही काही माहीत नव्हतं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, निघालेच, तू तिथून हलू नकोस. आणि तेवढ्यात खालून जिन्यावर काहीतरी घासत येण्याचा आवाज आला.

बाई होत्या. पोतं ओढत, एकेक पायरी. जिथे कचरा निवडतात त्या शेडपर्यंत पहाटे चालत गेल्या होत्या. मी वरूनच मॅडमना सांगितलं की त्या सुखरूप आहेत.

पोत्यात कॅलेंडरं होती, पण त्यांची नव्हती. कुणाकुणाची, कुठल्याकुठल्या वर्षांची. त्यांनाही ते माहीत होतं.

मला ते पोतं वर उचलून द्यावंसं वाटलं. पण नियम आठवला. मी विचारलं, "हात लावू का?"

"विचारता तरी," त्या म्हणाल्या. "लावा."

दाराशी त्यांनी मला थांबवलं. "वाट तेवढी ठेवीन. शेगडीपाशी कागद ठेवणार नाही. बाकी योजनेच्या पायऱ्या तुमच्याकडे ठेवा."

मॅडम पोचल्यावर मी हे अपयश म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, जे त्यांनी स्वतः कबूल केलं तेच टिकेल, तेवढीच योजना करू. भाच्याला त्यांनी सांगितलं की कारणं न देता माफी माग. त्याने दाराबाहेर उभं राहून मागितली. बाई म्हणाल्या, ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच्याकडून वायर बदलून घेतली.

हॉस्पिटलमधली माझी मुदत संपली, परीक्षा झाल्या. शेवटच्या भेटीतही पलंग भरलेलाच होता. वाट मात्र होती. मी तिच्यावरून बाहेर आलो आणि पुढे कितीतरी दिवस अग्निशामक दलाच्या गाडीचा आवाज आला की मी जागच्या जागी थांबायचो.

दिवाळीच्या पाडव्याला मी मांजरीला होतो. मॅडमचा फोन आला. आवाजावरून काही कळेना. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणाचा तरी बाण बाईंच्या बाल्कनीत शिरला होता. बाल्कनीतली रद्दी पेटली, मग मागची खोली. धुरात दिवे गेले. गाडी येईपर्यंत खोली गेली होती.

"आणि त्या?" मी विचारलं.

"चालत आल्या खाली," मॅडम म्हणाल्या. "काळोखात, एकट्या. सेक्रेटरींना म्हणाल्या, दार ओढून घेतलंय, धूर जिन्यात येणार नाही."